एससीसी नंबर पाहून फसू नका : तालुक्याच्या वकिलांना एका निवृत्त बेंच क्लार्कचे पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि चेकच्या केसेस चालवणारे सर्व वकील बंधू-भगिनी,
मराठवाड्यातील तालुका वकील संघ.

सप्रेम नमस्कार.

माझी नोकरी मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या टेबलापाशी गेली. रोजनामा लिहिला, निशाण्या दिल्या, पेशीच्या तारखा वाटल्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी सनद मिळाल्यापासून ओळखतो. काहींच्या वडिलांच्या वकीलपत्रांवरही निशाणी घातलेली आहे. आज लिहितो आहे ते एका चार ओळींच्या पुरशिसीबद्दल, म्हणजे वकिलांनी कोर्टाला लिहून दिलेल्या निवेदनाबद्दल. ती पुरशीस दाखल करून घेऊन तिच्यावर निशाणी घालणारा हात माझाच होता, म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

पुरशीस अशी होती : "तत्कालीन न्यायाधीशांसमोर नोंदवलेल्या पुराव्यावर सदर प्रकरण पुढे चालवण्यास आमची हरकत नाही." खाली दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या सह्या. नवे साहेब नुकतेच रुजू झालेले आणि बोर्डावर शंभराच्या वर प्रकरणं. एक केस थेट युक्तिवादाला लागतेय म्हटल्यावर सगळेच खूश झाले. त्या चार ओळींनी फिर्यादीची सहा-सात वर्षं पाण्यात घातली.

फिर्यादी आमच्या मोंढ्यातला आडत्या. त्याने एका प्रक्रिया कारखानदाराला सोयाबीन दिलं, त्यापोटी ४ लाख ८० हजारांचा चेक घेतला. चेक ५ ऑक्टोबर २०१५ चा. १४ तारखेला बँकेने 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा मेमो लावून तो परत केला. २६ ऑक्टोबरला नोटीस निघाली, २९ ला आरोपीला मिळाली, पंधरा दिवसांची मुदत १३ नोव्हेंबरला सरली आणि ४ डिसेंबरला फिर्याद दाखल झाली. मेमोपासून तीस दिवसांत नोटीस, मुदत संपल्यापासून महिन्यात फिर्याद, सगळं काटेकोर होतं. जानेवारीत प्रोसेस इश्यू झाली. त्यानंतर वर्षभर समन्स 'घर बंद आहे' या शेऱ्याने परत येत राहिलं. शेवटी वॉरंट निघालं आणि मार्च २०१७ मध्ये आरोपी हजर झाला. प्ली झाली, म्हणजे गुन्हा कबूल आहे का, हे आरोपीला विचारून झालं. सरतपासाचं शपथपत्र आलं, उलटतपास चार पेश्यांत संपला, बँकेचा अधिकारी तपासला, फेब्रुवारी २०१९ मध्ये आरोपीचा ३१३ चा जबाब झाला. उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. जूनमध्ये नवे साहेब आले, पुरशीस आली, युक्तिवाद झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये शिक्षा लागली.

आरोपी अपिलात गेला. मध्ये कोरोना आला. २०२२ साली सत्र न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि खटला पहिल्यापासून चालवा म्हणून परत पाठवला. चेक खोटा नव्हता, सही आरोपीचीच होती, कुणाचा पुरावा अविश्वसनीय ठरला असंही नव्हतं. खटला समरी चालला होता आणि पुरावा घेणारे न्यायाधीश एक, निकाल देणारे दुसरे, एवढंच कारण होतं.

आडत्या माझ्या टेबलापाशी आला नि म्हणाला, "भाऊ, परत पहिल्यापासून म्हंजे? मंग इतके दिवस आम्ही येत व्हतो ते काय व्हतं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता कायद्याचं. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण पक्षकारही हे वाचतील म्हणून सुरुवातीपासून सांगतो. गुन्ह्याला दोन वर्षांपेक्षा जास्त कैद असेल तर तो वॉरंट खटला, नसेल तर समन्स खटला. चेकच्या कलम १३८ ला जास्तीत जास्त दोन वर्षं आहेत. दोन वर्षांपेक्षा जास्त नाहीत, त्यामुळे तो समन्स खटला. समरी म्हणजे तिसऱ्या जातीचा गुन्हा नव्हे. समन्स खटल्याचीच वाट, फक्त लिखापढी कमी. साध्या समरी खटल्यात तीन महिन्यांवर कैद देता येत नाही. चेकच्या केसला मात्र कलम १४३ ने खास सवलत दिली आहे : खटला समरी चालवा, एक वर्षापर्यंत कैद द्या आणि फिर्याद दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करा. त्याच कलमात एक खिडकीही ठेवली आहे. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा द्यावी लागेल असं वाटलं, किंवा दुसऱ्या काही कारणाने समरी चालवणं इष्ट नसेल, तर मॅजिस्ट्रेटने दोन्ही बाजूंना ऐकून तसा आदेश लिहायचा आणि खटला नेहमीच्या रीतीने चालवायचा.

समरीचा वेग कुठून येतो ते पाहा. साक्षीदाराचं म्हणणं शब्दन्‌ शब्द उतरवायचं नाही, त्याचा सारांश लिहायचा. दप्तरात दहा बाबी भरायच्या : अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादी, आरोपी, गुन्हा, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा, संपल्याची तारीख. निकालात कारणं थोडक्यात. मी छापील नमुने भरलेत, एका पानात खटला बसतो. पण याच वेगाची एक किंमत आहे. पानावर फक्त सारांश असेल तर साक्षीदार कुठे अडखळला, कोणत्या प्रश्नाला गप्प बसला, हे ज्याने ऐकलं त्यालाच माहीत. नवा माणूस त्या अर्ध्या पानावरून निकाल कसा देणार? म्हणून कायद्याने दार बंद केलं. एरवी मॅजिस्ट्रेट बदलला तर नव्याला जुन्याने नोंदवलेल्या पुराव्यावर पुढे जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२६ तेच सांगतं. पण त्याच्या तिसऱ्या पोटकलमात समरी खटले वगळले आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६५ आहे, तिथेही हा अपवाद तसाच आहे.

आता पुरशिसीचं सांगतो. २०११ साली गुजरातच्या एका चेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकी अशीच पुरशीस आली होती. दोन्ही पक्षांनी हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतं. न्यायालयाने सांगितलं की हा अधिकारक्षेत्राचा प्रश्न आहे, पक्षकारांच्या संमतीने नसलेला अधिकार येत नाही आणि हा दोष क्षम्य म्हणून सोडूनही देता येत नाही. शिक्षा रद्द झाली आणि खटला नव्याने चालवायला परत गेला. आमच्या कोर्टात पुरशीस आली त्याच्या आठ वर्षं आधीचा हा निकाल. वकिलांना, नव्या साहेबांना, मला, कुणालाच तो आठवला नाही. 'हरकत नाही' लिहून मिळालं की काम झालं, ही सवय दिवाणी बाजूची आहे. फौजदारी बाजूला ती घेऊन आलो की असं होतं.

पण त्याच कोर्टात, त्याच बदलीत, दुसऱ्या एका चेकच्या केसमधली शिक्षा अपिलात टिकली. नंबर तोही एससीसी, म्हणजे समरी क्रिमिनल केसचाच होता. फरक मी नंतर दोन्ही बस्ते समोर ठेवून शोधला. आडत्याच्या फाइलमध्ये प्ली छापील समरी नमुन्यावर होती, उलटतपास अर्ध्या-पाऊण पानात सारांशाने होता आणि कलम १४३ च्या त्या खिडकीचा आदेश कुठेच नव्हता. दुसऱ्या फाइलमध्येही आदेश नव्हता, पण उलटतपास अकरा पानांचा, सविस्तर टाइप केलेला, आरोपीचे दोन साक्षीदार पूर्ण तपासलेले आणि निकाल लांबलचक. म्हणजे नावाला समरी, प्रत्यक्षात समन्स खटला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नव्याने खटला हा शेवटचा उपाय आहे, आधी रेकॉर्ड बघून खटला खरोखर समरी चालला की समन्सच्या रीतीने, ते ठरवा. दुसरी फाइल त्या कसोटीला उतरली, आडत्याची नाही उतरली.

म्हणून माझं पहिलं सांगणं. एससीसी हा रजिस्टरचा नंबर आहे, तो आम्ही क्लार्क लोक फाइलिंगच्या दिवशी देतो. त्यावरून खटला कसा चालला ते ठरत नाही. न्यायाधीश मध्येच बदलले तर पुरशीस लिहायला घेण्याआधी तीन कागद उघडा : प्ली कोणत्या नमुन्यावर आहे, साक्ष सारांशाने आहे की पूर्ण, आणि कलम १४३ खालचा आदेश आहे का. पूर्ण साक्ष असेल तर तसा अर्ज द्या आणि 'हा खटला वस्तुतः समन्स खटला म्हणून चालला आहे' यावर नव्या साहेबांचा आदेश घ्या. नुसता सारांश असेल तर जड मनाने का होईना, साक्षीदार त्याच महिन्यात पुन्हा बोलवा. शिक्षा लागून, अपील होऊन, मग परत येण्यापेक्षा दोन पेश्या गेलेल्या परवडतात.

या भीतीपोटी काही कोर्टांनी दुसरं टोक गाठलं. प्लीच्या दिवशीच रबरी शिक्का : 'प्रकरण समन्स खटला म्हणून चालवण्यात यावे.' का, ते लिहायचं नाही. बदली आली तरी धोका नाही, म्हणून साहेबही निवांत, आम्हीही निवांत. पण मग सहा महिन्यांत संपवायचा खटला तीन-चार वर्षं रेंगाळतो आणि कलम १४३ कागदावरच राहतं. १६ एप्रिल २०२१ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चेकच्या खटल्यांच्या तुंबाऱ्याचा स्वतःहून विचार केला तेव्हा नेमकं यावर बोट ठेवलं. समरीचा समन्स करण्याआधी कारणं नोंदवा, असे निर्देश उच्च न्यायालयांनी मॅजिस्ट्रेटना द्यावेत असं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच गोष्ट पुन्हा बजावली आणि प्लीच्या टप्प्यालाच आरोपीला काही साधे प्रश्न विचारा असं सुचवलं : चेक तुमच्या खात्याचा आहे का, सही तुमची आहे का, चेक फिर्यादीला तुम्ही दिला का, तेव्हा देणं होतं का, बचाव काय आहे, तडजोड करायची आहे का.

मला हे प्रश्न फार आवडले, कारण समरी की समन्स हे ठरवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. आडत्याच्या केसमध्ये हे प्रश्न प्लीच्या दिवशी विचारले असते तर आरोपीने चेक आणि सही दोन्ही मान्य केलं असतं. उलटतपासात त्याने तेच केलं. वाद उरला असता तो एवढाच, की सोयाबीनमध्ये ओलावा जास्त निघाला म्हणून पट्टीतले सत्तर हजार कापायचे ठरले होते की नाही. एवढ्या एका मुद्द्यासाठी फिर्यादीचा उलटतपास एका दिवसात आटोपला असता. मार्च २०१७ ला प्ली, जूनपर्यंत निकाल, तोही तेच साहेब खुर्चीत असताना. अशी केस समरीच चालली पाहिजे. उलट आरोपी म्हणाला असता की सही माझी नाही, हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवा, किंवा तीन वर्षांच्या खातेवह्या तपासायच्या आहेत, तर ती केस समरीत कोंबण्यात अर्थ नाही. तिथे कारण लिहून समन्स करा.

इथे एक खाजगीतलं बोलतो. मॅजिस्ट्रेटची बदली साधारण तीन वर्षांनी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास होते, हे आपल्याला पाठ असतं. साहेब तिसऱ्या वर्षात असतील आणि प्ली जानेवारीत होत असेल, तर समरी हा जुगार आहे. पण 'बदली जवळ आली' हे कारण आदेशात लिहिलं तर ते टिकेल का, याची मला शंका वाटते. कारण केसमधलंच हवं : पुरावा किती, साक्षीदार किती, वाद कशावर. तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा त्यातलं खरं असेल तेवढंच मांडा. आणि केस सोपी असेल तर बदलीच्या भीतीने समन्स मागू नका, उलट उलटतपास दोन पेश्यांत संपवतो असं लिहून द्या आणि तो शब्द पाळा. चार-चार पेश्या उलटतपास पुरवून घेणारे आपणच, आणि मग समरी लांबते म्हणून ओरडणारेही आपणच.

आता वॉरंट खटल्याचा मोह. पक्षकार रागात असतो. "चारशेवीस लावा, मंग कळंल त्याला," म्हणतो. वकीलही एखाद वेळी फिर्यादीत फसवणुकीचं कलम घालून देतो. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे तो वॉरंट खटला झाला. खाजगी फिर्यादीवरच्या वॉरंट खटल्यात आधी चार्जपूर्व पुरावा द्यावा लागतो. त्यावर डिस्चार्ज मागता येतो. चार्ज लागला तर आरोपीला तेच साक्षीदार पुन्हा उलटतपासाला बोलावता येतात. म्हणजे मोंढ्यातला आडत्या एकच गोष्ट दोनदा सांगणार, आणि दोन जबाबांतल्या तफावतीवर आरोपी सुटायला बघणार. पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चाललेल्या वॉरंट खटल्यात हा चार्जपूर्व पुराव्याचा फेरा नसतो, तिथे कागदपत्रं पाहूनच चार्जचा प्रश्न ठरतो. गंमत अशी, की या सगळ्यात हळू गाडीला बदलीचा फटका बसत नाही. नव्या साहेबांना जुना पुरावा वापरता येतो. तरी चेकचे पैसे वसूल करायला निघालेल्या माणसाला या गाडीत बसवू नका. फसवणुकीचं प्रकरण खरोखर असेल, चेक देतानाच खातं बंद होतं असं काही असेल, तर ते वेगळं मांडा.

गैरहजेरीतही तिन्ही वाटा सारख्या नाहीत. समन्स आणि समरी खटल्यात फिर्यादी पेशीला आला नाही तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. नव्या संहितेने त्याआधी फिर्यादीला तीस दिवसांची संधी द्यायला लावली आहे, पण जुन्या संहितेखाली सुरू असलेल्या केसेसना त्यावर विसंबू नका. फिर्यादीवरच्या वॉरंट खटल्यात चार्जपूर्वी गैरहजर राहिलं, आणि गुन्हा तडजोडीचा किंवा अदखलपात्र असला, तर डिस्चार्ज होतो. डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. पेरणीच्या दिवसांत नाही तर काढणीच्या दिवसांत आपले पक्षकार पेशी चुकवतात. त्यांना हा फरक आधी सांगा.

आणखी एक कबुली. समरी असो की समन्स, आरोपीवर समन्स बजावल्याशिवाय दोन्हीचा वेग शून्य. आडत्याच्या केसमध्ये सव्वा वर्ष फक्त तिथे गेलं, तेव्हा पद्धतीचा प्रश्नही निघाला नव्हता. फिर्यादीसोबत आरोपीचा चालू पत्ता, मोबाइल नंबर आणि ईमेल पहिल्याच दिवशी द्या. समन्स फिर्यादीच्या हाती देऊन बजावण्याची आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवण्याची वाट २०२५ च्या त्याच निकालाने मोकळी केली आहे. नव्या संहितेतल्या कलम २२३ मुळे दखल घेण्यापूर्वी आरोपीला नोटीस काढायची का, हा घोळ चेकच्या केसेसपुरता तिथेच मिटला आहे : काढायची गरज नाही. तरी अजून काही ठिकाणी ती नोटीस निघते आणि तीन महिने जातात. तिथे उभं राहून निकाल दाखवायचं काम तुमचं आहे.

वकील संघाकडे माझी मागणी एकच आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा, की चेकच्या प्रत्येक केसमध्ये प्लीच्या दिवशी फिर्यादीचा वकील एक पानी अर्ज देईल : आरोपीने काय मान्य केलं, वाद कशावर, साक्षीदार किती, आणि म्हणून खटला समरी चालवावा की कारण नोंदवून समन्स. आदेश दोन ओळींचा झाला तरी चालेल, पण तो रोजनाम्यात असावा. पुढे पाच वर्षांनी अपिलात कुणी बस्ता उघडला तर त्याला उलटतपासाची पानं मोजत बसावं लागू नये. ठरावासोबत अर्जाचा नमुना हवा असेल तर मी लिहून देतो, टाइप तुम्ही करा.

त्या आडत्याची केस अजून चालू आहे. बँकेचा जुना अधिकारी निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेला, म्हणून मेमो सिद्ध करायला बँकेने दुसरा माणूस पाठवला. उलटतपास या वेळी सविस्तर टाइप झाला आहे, आणि रोजनाम्यात समन्स खटल्याचा आदेश कारणासहित आहे. मी जाऊन बघून आलो.

आपला,
एक सेवानिवृत्त बेंच क्लार्क